ओल्या रस्त्यावरची निऑन प्रतिबिंबे चुकीच्या जागी पडतात: वॉलपेपरच्या प्रॉम्प्टविषयी मदत हवी

रात्रपाळी

नमस्कार. संगणकाच्या पडद्यासाठी मला भविष्यातल्या एखाद्या शहराचे रात्रीचे चित्र हवे आहे. पाऊस नुकताच थांबलेला असावा, रस्ता ओला असावा आणि त्यावर निऑनच्या पाट्यांचे रंग उतरलेले असावेत, एवढीच माझी कल्पना आहे. मी घरच्या संगणकावर एसडीएक्सएल हे लिहिलेल्या वर्णनावरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र काढणारे मॉडेल वापरते. चित्राचा आकार १३४४ × ७६८, ३० स्टेप्स आणि मॉडेलने प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळावा हे ठरवणारा सीएफजी ७ असे ठेवले आहे. प्रॉम्प्ट पुढीलप्रमाणे आहे.

```
cyberpunk city, night, neon lights, rain, wet street, reflections,
flying cars, people with umbrellas, 8k, masterpiece, ray tracing
```

चित्रे पहिल्या नजरेत देखणी वाटतात, परंतु वॉलपेपर म्हणून दोन दिवस समोर राहिली की खटकू लागतात. सध्याच्या चित्रात उजव्या इमारतीवर गुलाबी पाटी आहे आणि तिच्या बरोबर खाली रस्त्यावर निळा पट्टा आहे. डावीकडे एक मोठा जांभळा डाग पाण्यात पडला आहे, पण त्याच्या वर काहीच नाही. शिवाय रस्ता डांबराचा न वाटता एखाद्या सभागृहातल्या चकचकीत फरशीसारखा वाटतो. चाळीसेक चित्रे काढून झाली, तरी दोष सुटत नाही. प्रॉम्प्टमध्ये नेमके काय चुकते आहे?

फुकटचा_सल्ला

आपण प्रतिबिंबांवर पुरेसा जोर दिलेला नाही, असे मला वाटते. कंसात लिहून वजन वाढवा.

```
(wet street reflections:1.6), (ray tracing:1.4)
```

सीएफजीही १२ पर्यंत न्यावा. मॉडेलला स्पष्ट आज्ञा मिळाली की ते प्रतिबिंबांचा हिशेब नीट करते. माझी चित्रे अशाच पद्धतीने सुधारली आहेत.

रात्रपाळी

आपल्या सूचनेप्रमाणे तोच सीड, म्हणजे चित्राच्या सुरुवातीचा आकडा, ठेवून करून पाहिले. प्रतिबिंबे वाढली हे खरे, परंतु रस्त्याचा कालवा झाला. दोन्ही बाजूंच्या इमारती पाण्यातून वर आलेल्या दिसतात. रंग इतके भडक झाले की पाट्यांच्या मधोमध पांढरे डाग पडले आहेत आणि कडांना केशरी किनार आली आहे. गुलाबी पाटीखाली निळा पट्टा मात्र तसाच आहे, फक्त पूर्वीपेक्षा अधिक ठळक!

ओलावा

रात्री ओल्या रस्त्याचे छायाचित्र घ्यायचे असेल, तर तिपाई लावून शटर दोन ते चार सेकंद उघडे ठेवावे आणि आयएसओ १०० च्या आसपास ठेवावा. ध्रुवीकरण फिल्टर लावला असेल तर तो आठवणीने काढावा, कारण तो पाण्यावरची चमक खातो. पाऊस थांबल्यानंतरचा पहिला अर्धा तास सर्वांत चांगला असतो.

रात्रपाळी

ओलावा, आभारी आहे, पण मी छायाचित्र घेत नसून प्रॉम्प्ट लिहून चित्र तयार करते आहे. कदाचित मी प्रश्न नीट मांडला नसावा.

काजळरेघ

प्रश्न नीट मांडलेला आहे, आणि ओलावा यांचा प्रतिसादही वाटतो तितका अवांतर नाही. त्याकडे पुढे येतो.

मी अनेक वर्षे इमारतींची रेखाटने करत आलो आहे, म्हणून हा दोष मला परिचयाचा आहे. प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. हे मॉडेल प्रकाशाचे किरण मोजत नाही. `ray tracing` हे शब्द लिहिल्याने कोणतीही आकडेमोड सुरू होत नाही. ज्या चित्रांच्या वर्णनात ते शब्द आले होते, त्यांच्यासारखी, म्हणजे बहुधा संगणकी खेळांच्या दृश्यांसारखी, गुळगुळीत छटा फक्त मिळते. फरशीसारखा रस्ता काही अंशी तिथूनच आला असावा. मॉडेलला ‘ओला रस्ता म्हणजे खाली रंगीत पट्टे’ एवढे पक्के ठाऊक असते, परंतु कोणता पट्टा कोणत्या पाटीचा, याचा मेळ ते अंदाजाने घालते. एका चित्रात सात-आठ पाट्या आणि चार रंग असले की तो अंदाज चुकतो. म्हणून वजन वाढवल्याने पट्टे वाढतात, मेळ वाढत नाही. वजन द्यायचेच असेल तर १.२ च्या पुढे जाऊ नये, आणि सीएफजी ५ ते ७ मध्ये ठेवावा.

आता प्रतिबिंब कुठे पडायला हवे, ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय प्रॉम्प्टमध्ये काय मागायचे हेच ठरत नाही. कॅमेरा समपातळीत धरला आहे असे समजा. पाटी ज्या भिंतीवर आहे, ती भिंत रस्त्याला जिथे टेकते ती पायाची रेघ शोधा. पाटी त्या रेघेच्या जितकी वर दिसते, तितकेच तिचे प्रतिबिंब रेघेच्या खाली, त्याच उभ्या ओळीत आणि उलटे पडते. हा हिशेब चित्राच्या तळाच्या कडेपासून करायचा नसतो, आणि नवशिके चित्रकार हमखास इथेच चुकतात.

आपल्याच आकाराचे उदाहरण घेतो. चित्राची उंची ७६८ पिक्सेल आहे. वरून मोजल्यास क्षितिज ४०० व्या ओळीवर आणि उजव्या इमारतीचा पाया ४३० व्या ओळीवर आहे असे धरू. पाटीचा खालचा काठ ३०० वर आणि वरचा काठ १८० वर आहे. म्हणजे पाटी पायापासून १३० ते २५० पिक्सेल वर आहे, आणि तिचे प्रतिबिंब ५६० पासून ६८० पर्यंत पडेल. ते चौकटीत व्यवस्थित मावते. आता त्याच इमारतीवर ६० व्या ओळीला दुसरी पाटी असेल, तर ती पायापासून ३७० वर आहे, आणि तिचे प्रतिबिंब ८०० व्या ओळीवर जाते. आपले चित्र ७६८ ला संपते. म्हणजे गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावरची ती आकर्षक पाटी रस्त्यावर स्पष्टपणे दिसूच शकत नाही. दूरच्या इमारती चित्रात ठेंगण्या दिसत असल्यामुळे त्यांच्या पाट्या मात्र मावतात.

यातून प्रॉम्प्टसाठी निघणारी गोष्ट साधी आहे. पाट्या थोड्या ठेवाव्यात, त्या रस्त्याच्या जवळ ठेवाव्यात, आणि प्रत्येकीचा रंग व बाजू स्पष्ट सांगावी.

फुकटचा_सल्ला

वजनाबद्दल मी चुकलो हे मान्य करतो. पण मग कॅमेरा कुठे ठेवायचा, याने काय फरक पडतो? प्रतिबिंब तर कोणत्याही उंचीवरून दिसते.

काजळरेघ

दिसते, पण सारख्या तेजाने दिसत नाही. पाण्याकडे सरळ वरून पाहिले तर ते पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परत फेकते. नजर रस्त्याला जवळजवळ समांतर झाली, म्हणजे लंबापासून ८० अंशांवर गेली, की तेच प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. म्हणून उंच गच्चीवरून पाहिलेला ओला रस्ता काळपट दिसतो आणि गुडघ्याच्या उंचीवरून पाहिलेला रस्ता पेटल्यासारखा दिसतो. एकाच चित्रातही हा फरक असतो. लांबच्या भागाकडे नजर तिरकी जाते म्हणून तो उजळ दिसतो, आणि पायाजवळच्या भागाकडे नजर खाली वळते म्हणून तिथे रंग विरळ होऊन डांबराची खडी दिसू लागते. आपल्या चित्रातला रस्ता जवळ आणि दूर सारखाच चमकतो आहे. डोळा त्याला फरशी समजतो, ते त्यामुळे.

ओलावा यांनी सांगितलेली ‘पाऊस थांबल्यानंतर’ ही वेळ इथे उपयोगी पडते. थेंब पडत असताना पाण्याचा पृष्ठभाग सतत मोडतो. आपण प्रॉम्प्टमध्ये `rain` आणि `reflections` दोन्ही मागितले आहेत, तेव्हा एकतर प्रतिबिंबांचा चुरा होतो किंवा मॉडेल पावसाच्या रेघा वरून ओढून खाली आरसा ठेवते. पाऊस काढून टाकावा. छत्र्याही काढाव्यात, कारण प्रत्येक माणसाचे स्वतःचे प्रतिबिंब असते आणि ते चुकण्याची आणखी एक जागा तयार होते.

माझा प्रॉम्प्ट असा राहील.

```
low camera just above the road, empty street after rain at night,
futuristic city, one large magenta sign low on the right building,
one small cyan sign far on the left, long vertical reflections
on dark wet asphalt, rough road texture in foreground, thin puddles
```

नकारात्मक प्रॉम्प्टमध्ये एवढे पुरे.

```
rain, umbrella, people, flooded street, tiles, text
```

मुख्य प्रॉम्प्टमध्ये ‘माणसे नकोत’ असे लिहू नये. तिथे शब्द आला की बहुधा माणसे येतात. शिवाय एसडीएक्सएलचा वाचक एका वेळी सुमारे ७५ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो. काही साधने त्यापुढचा मजकूर दुसऱ्या तुकड्यात वाचतात, पण मग दोन तुकड्यांतला संबंध सैल होतो. `8k` आणि `masterpiece` यांनी उगाच जागा अडवू नये.

उभा_स्क्रीन

मला हेच चित्र फोनसाठी हवे आहे. माझ्या फोनचा पडदा १०८० × २४०० आहे. मी थेट त्याच आकारात चित्र मागितले, तर एकावर एक असे दोन रस्ते आले आणि मधे दुसरे क्षितिज उगवले. वरच्या शहराचे प्रतिबिंब खालच्या शहराच्या आकाशात पडले आहे. याला प्रॉम्प्टचा दोष म्हणावे का?

काजळरेघ

नाही, आकाराचा दोष आहे. हे मॉडेल सुमारे १०२४ × १०२४ एवढ्या क्षेत्रफळावर शिकलेले आहे. त्याच्या अडीचपट जागा दिली की उरलेल्या भागात ते पुन्हा तेच शहर मांडते. ६४० × १५३६ मध्ये चित्र काढावे आणि मग रुंदी १०८० होईपर्यंत मोठे करावे. उंची २५९२ होईल, तेव्हा १९२ पिक्सेल कापावे लागतील. कात्री वरून लावावी, म्हणजे रस्ता शाबूत राहील. उभ्या चौकटीत प्रतिबिंबांना खाली भरपूर जागा मिळते, त्यामुळे खरे तर हे दृश्य फोनवरच अधिक खुलते.

रात्रपाळी

आपल्या प्रॉम्प्टने आठ चित्रे काढली. सीएफजी ६ ठेवला. आठांपैकी तीन चित्रांत गुलाबी पाटीखाली गुलाबीच पट्टा आला, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. दोन चित्रांत दोन्ही पाट्या जांभळ्या झाल्या, म्हणजे रंग एकमेकांत मिसळले. उरलेल्या तीन चित्रांत पाटी डावीकडे गेली. रस्ता आता डांबराचा दिसतो आणि पुढच्या भागात खडीवर बारीक चमचम आहे.

निवडलेल्या चित्रात दोन दोष उरले आहेत. गुलाबी पाटीचे प्रतिबिंब तिच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट रुंद आहे आणि पाटीइतकेच तेजस्वी आहे. तसेच डाव्या कोपऱ्यात एक जांभळी उभी रेघ आहे, तिच्या वर कोणतीही पाटी नाही.

काजळरेघ

पहिला दोष हाताने सुधारावा. नवीन चित्रे काढत बसल्यास मिळालेला मेळही हातचा जाईल. खडबडीत ओल्या रस्त्यावर प्रतिबिंब उभे लांबते, म्हणजे आपल्या दिशेने ओढल्यासारखे होते, पण आडवे फारसे पसरत नाही. त्याची रुंदी पाटीएवढी किंवा थोडीशीच जास्त असावी. आणि वरचा आकडा लक्षात घेतला, तर ते पाटीइतके तेजस्वी कधीच नसते.

मी असे करतो. चित्र कोणत्याही लेयर असलेल्या संपादकात उघडतो. पाटीचा भाग कापून नवीन लेयरवर घेतो, तो उभा उलटवतो आणि पायाच्या रेघेपासून मोजून योग्य ओळीवर ठेवतो. मग ९० अंशांच्या दिशेने मोशन ब्लर देतो. आपल्या आकाराच्या चित्राला ४० ते ६० पिक्सेल पुरतात. लेयरचा मोड स्क्रीन करतो आणि अपारदर्शकता ४० टक्क्यांच्या आसपास आणतो. खालचा जुना रुंद पट्टा त्याआधी गडद ब्रशने झाकलेला असावा. एवढे झाले की ते चिकटवलेले दिसते, आणि दिसायलाच हवे. आता रस्त्याच्या तेवढ्याच भागावर मास्क लावून ०.३५ च्या डिनॉइजने इनपेंटिंग करावे, म्हणजे तेवढाच भाग मॉडेलकडून पुन्हा काढून घ्यावा; डिनॉइज जितका जास्त, तितका बदल मोठा. मॉडेल जागा आणि रंग आपला ठेवते, पण त्यात खडी, ओल आणि तुटलेल्या कडा भरते. डिनॉइज ०.६ च्या वर गेला, तर ते पुन्हा स्वतःचा पट्टा काढू लागते. ०.२ च्या खाली चिकटवल्याची कड तशीच राहते.

अक्षरहट्टी

मला या सगळ्यात वेगळीच अडचण येते. पाट्यांवर देवनागरी अक्षरे हवीत म्हणून मी संपूर्ण प्रॉम्प्टच मराठीत लिहिला होता. शहराच्या जागी डोंगर आले. पाट्यांवर जी अक्षरे आली, त्यांना शिरोरेघ होती, पण खाली लटकलेले काही वाचता येत नव्हते.

काजळरेघ

एसडीएक्सएलचा मजकूर वाचणारा भाग मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर तयार झालेला आहे, म्हणून मराठी प्रॉम्प्ट त्याला जवळजवळ कळत नाही. देवनागरी अक्षरेही त्याच्याकडून येणार नाहीत. पाट्या कोऱ्या मागाव्यात आणि अक्षरे संपादकात फॉन्टने लिहावीत. मी वर सांगितलेली उलटवण्याची पद्धत तिथे दुप्पट उपयोगी आहे, कारण अक्षरे आणि त्यांचे प्रतिबिंब दोन्ही आपल्याच हातात राहतात. एक सावधगिरी बाळगावी. प्रतिबिंबात अक्षरे वरची खाली होतात, डावी-उजवी बदलत नाहीत. शिरोरेघ तळाला जाते आणि शब्द डावीकडूनच सुरू होतो. पुष्कळ जण अक्षर १८० अंशांनी फिरवतात, आणि तिथे सगळे बिघडते.

अक्षरहट्टी

मी फिरवलेच होते. आता कळले की ‘चहा’चे प्रतिबिंब ‘हा’पासून का सुरू होत होते.

फुकटचा_सल्ला

एवढे कष्ट कोण घेणार? वॉलपेपरवर अर्धा वेळ खिडक्या उघड्या असतात, आणि प्रतिबिंबे तर नेमकी तळाच्या पट्टीमागे आणि आयकॉनखाली जातात. मला वाटते, आठ चित्रांतले बरे निवडावे आणि पुढे जावे.

रात्रपाळी

मलाही क्षणभर तसेच वाटले होते. पण एकदा चुकीचा पट्टा दिसला की तो प्रत्येक वेळी दिसतो, आणि मी रोज आठ तास त्याच पडद्यासमोर बसते. तळाच्या पट्टीचा मुद्दा मात्र पटला. मी क्षितिज थोडे वर घेऊन, म्हणजे `horizon slightly above center` हे शब्द जोडून, पुन्हा चित्रे काढली. चौकट तीच असल्याने आता रस्त्याला अधिक जागा मिळते आणि प्रतिबिंब पट्टीच्या वर संपते. आकाश कमी झाले, त्याचे दुःख नाही.

गुलाबी पट्टा आपल्या पद्धतीने दुरुस्त केला. ०.३५ ला कड थोडी दिसत होती, ०.४ ला गेली. नंतर चित्र रुंदी ३८४० होईपर्यंत मोठे केले. उंची २१९४ झाली, म्हणून वरून ३४ पिक्सेल कापले. मोठ्या चित्रात आकाशातल्या गडद निळ्या भागात पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसू लागले, ते मात्र नवेच संकट आहे.

काजळरेघ

गडद छटांमध्ये रंगांच्या पायऱ्या मोजक्या असतात, म्हणून मोठे केल्यावर त्या उघड्या पडतात. चित्रावर अगदी हलके दाणे, म्हणजे ग्रेन, घालावे. दोन-तीन टक्के पुरतात. आणि जेपीईजी ऐवजी पीएनजीमध्ये साठवावे, कारण जेपीईजी ते दाणे पुसून टाकू शकते.

जांभळ्या रेघेचे काय केले?

रात्रपाळी

ती मी ठेवली आहे. तिची पाटी चौकटीच्या बाहेर, वर कुठेतरी असेल, असे मी स्वतःला सांगितले. चालेल ना?

काजळरेघ

हिशेबाने चालत नाही. पाटी चौकटीच्या वर असेल, तर पायापासून तिचे अंतर किमान पायाच्या ओळीच्या आकड्याइतके, म्हणजे आपल्या पहिल्या उदाहरणात ४३० पिक्सेल भरेल. तिचे प्रतिबिंब ८६० च्याही खाली जाईल. चौकटीच्या डावीकडे असेल, तर प्रतिबिंबही डावीकडेच, बाहेर राहील.

ओलावा

मी इथे थोडा असहमत आहे. मी रात्री काढलेल्या अनेक छायाचित्रांत चौकटीबाहेरच्या दिव्याची उभी रेघ रस्त्यावर आलेली आहे. रस्ता खडबडीत असेल तर रेघ फक्त आपल्या दिशेने नव्हे, तर दिव्याच्या दिशेनेही बरीच लांबते. म्हणजे प्रतिबिंबाचे मूळ ठिकाण चौकटीखाली असले, तरी तिचे वरचे टोक चौकटीत शिरू शकते.

काजळरेघ

उभ्या लांबण्याविषयी आपले म्हणणे बरोबर आहे, आणि मी वर केलेला हिशेब सपाट आरशाचा होता, हेही मान्य करायला हवे. पण मग ती रेघ चित्राच्या तळाच्या कडेला सर्वांत तेजस्वी असायला हवी आणि वर जाताना विरत गेली पाहिजे. रात्रपाळी, आपल्या चित्रातली रेघ कोणत्या टोकाला उजळ आहे?

रात्रपाळी

मधोमध उजळ आहे आणि दोन्ही टोकांना विरते. आता मी ती पुसावी की तिच्यासाठी डावीकडे एक पाटी लावावी, हे ठरवते आहे.